चिंतेवरचा ऑनलाइन उपचार: पारख कशाची करावी

चिंतेसाठी फोनवरून मिळणारी मदत दोन प्रकारची असते आणि त्यांची गल्लत झाली की पैसा व वेळ दोन्ही वाया जातात. हेल्पलाइन त्या घटकेला आधार देते, ऐकून घेते आणि पुढची वाट दाखवते. उपचार म्हणजे एकाच तज्ज्ञाबरोबर ठरावीक अंतराने, ठरावीक पद्धतीने चालणारे काम.

पहिल्या प्रकारात केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा येते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही मिळते. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज दिसली तर फोन मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये सुरू केलेल्या ‘आयकॉल’वर प्रशिक्षित समुपदेशक ठरावीक वेळेत विनामूल्य बोलतात. रात्री दोन वाजता छातीत धडधड सुरू झाली, तर कुठल्याही सशुल्क अॅपपेक्षा १४४१६ उपयोगाचा. मात्र धडधड पहिल्यांदाच होत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी हृदयाची तपासणी हवी.

दुसऱ्या प्रकारासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. बोरिवलीत राहणाऱ्या, अंधेरीत नोकरी करणाऱ्या एका महिलेला लोकलच्या गर्दीत गुदमरल्यासारखे होते. ती कांदिवलीलाच उतरते, रिक्षाने पुढे जाते आणि हळूहळू सुट्ट्या घेऊ लागते. तिने अॅपवर तज्ज्ञ निवडताना आधी पदवी पाहावी. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवणाऱ्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. त्या नोंदीचा सीआरआर क्रमांक मागून परिषदेच्या नोंदवहीत पडताळता येतो. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याने आपला नोंदणी क्रमांक दाखवायचा असतो. ‘कोच’, ‘हीलर’, ‘वेलनेस एक्सपर्ट’ या शब्दांमागे असे बंधन नसते. अल्प्राझोलामसारखे सवय लागणारे औषध पडद्यावरून लिहून देण्यास या तत्त्वांत मनाई आहे. ते सहज लिहून देणारी सेवा तेवढ्यावरूनच बाद करावी.

खरी गुणवत्ता पहिल्या दोन-तीन सत्रांत कळते. चांगला तज्ज्ञ सुरुवातीला जीएडी-७ ही सात प्रश्नांची चाचणी घेतो. तिचे गुण ० ते २१ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक आले तर बारकाईने तपासणी करतात. मग ध्येय ठरते आणि घरचा अभ्यास मिळतो. या महिलेसाठी तो असा असू शकतो: आधी फलाटावर नुसते उभे राहणे, मग दुपारच्या रिकाम्या गाडीने बोरिवली ते कांदिवली, नंतर मालाडपर्यंत आणि शेवटी गर्दीच्या वेळी अंधेरीपर्यंत. टाळणे सुटत गेले की भीती ओसरते, हे त्यामागचे सूत्र. दर सत्राला फक्त ‘हा आठवडा कसा गेला?’ एवढेच विचारले जात असेल आणि पाच-सहा सत्रांनंतरही गुण व प्रवास दोन्ही जागच्या जागी असतील, तर पद्धत बदलायला सांगावे, नाहीतर तज्ज्ञ बदलावा. त्यात अपमान कोणाचाच नाही.

खर्चाचा हिशेब एका सत्रावर करू नये. ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्था सततच्या चिंताविकारासाठी बारा ते पंधरा साप्ताहिक सत्रे सुचवते. सत्र १,२०० रुपयांचे धरले, तर बारा सत्रांचे १४,४०० रुपये होतात. सहा सत्रांचे ‘पॅकेज’ ६,००० रुपयांना घेतले, ते स्वस्तच. पण तीन सत्रांनी जमेनासे झाले आणि पैसे परत मिळाले नाहीत, तर प्रत्येक सत्र २,००० रुपयांना पडते. म्हणून पहिले सत्र सुटे घ्यावे आणि परताव्याची अट लेखी पाहावी. हा भार झेपत नसेल, तर कूपरसारख्या पालिका रुग्णालयातील मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे रांग असते, पण खर्च नाममात्र.

गोपनीयतेबाबत सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘संभाषण सुरक्षित आहे’ एवढ्यावर विसंबणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर त्याला अपवाद आहे. तज्ज्ञ तोंड बंद ठेवेलही, पण कंपनीकडची माहिती वेगळ्या वाटेने जाऊ शकते. अमेरिकेतील ‘बेटरहेल्प’ने ग्राहकांचे ईमेल आणि प्रश्नावलीतील माहिती जाहिरातीसाठी फेसबुक, स्नॅपचॅटसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला आणि २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरण्याची तडजोड झाली. प्ले स्टोअरवरची ‘डेटा सेफ्टी’ची माहिती कंपनीनेच भरलेली असते, हेही ध्यानात ठेवावे. अॅप संपर्कयादी मागत असेल तर नकार द्यावा. सत्राच्या नोंदी कोण पाहतो आणि खाते बंद केल्यावर त्या पुसल्या जातात का, हे ईमेलने विचारावे.

घाटकोपर-मुलुंडच्या एका खोलीच्या घरात मात्र पहिला धोका भिंतीपलीकडच्या कानांचा असतो. हेडफोन लावल्याने तज्ज्ञाचा आवाज लपतो, आपला नाही. घर रिकामे असतानाची वेळ मागावी, नाहीतर सत्र लिखित चॅटवर घ्यावे. लॉक पडद्यावरच्या सूचना बंद ठेवाव्यात आणि फोन घरात सामाईक असेल तर पैसे कापल्याचा संदेशही गुपित फोडू शकतो, हे आधीच तज्ज्ञाला सांगावे.