इंजिन कुठे पेटवायचे?

उपग्रहाला खालच्या कक्षेतून वरच्या कक्षेत नेताना इंजिन दोनदा पेटवतात. दोन्ही वेळा त्याचा वेग वाढतो आणि तरी शेवटी तो सुरुवातीच्या निम्म्याहूनही कमी वेगाने फिरत असतो. तीनशे किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेत उपग्रह सेकंदाला ७.७३ किमी वेगाने धावतो. पहिल्या प्रज्वलनात त्यात सुमारे २.४२ किमीची भर पडते आणि वेग १०.१५ होतो. इतक्या वेगाला जुने वर्तुळ पुरत नाही, म्हणून मार्ग ताणला जाऊन लंबवर्तुळ बनतो. त्याचे जवळचे टोक, म्हणजे उपभू, जिथे इंजिन पेटले तिथेच राहते. दूरचे टोक, अपभू, ३५,७८६ किमी उंचीवर जाते. तिथे पोचायला सव्वापाच तास लागतात. त्या चढणीत गुरुत्वाकर्षण वेग शोषून घेते आणि वर पोचेपर्यंत सेकंदाला जेमतेम १.६१ किमी उरतो. मग दुसरे प्रज्वलन सुमारे १.४६ किमीची भर घालते आणि ३.०७ च्या वेगाने उपग्रह पृथ्वीबरोबर दिवसातून एक फेरी घालू लागतो. जर्मनीतल्या एसेन शहरात बांधकाम अभियंता असलेल्या वॉल्टर होमान यांनी १९२५ साली आपल्या पुस्तकात या मार्गाचे गणित मांडले, तेव्हा एकही कृत्रिम उपग्रह अस्तित्वात नव्हता.

या मार्गाला काटकसरीचा मार्ग म्हणतात, पण ही काटकसर नेमकी कशात आहे याबद्दल बराच गैरसमज असतो. मार्गाच्या आकारात ती शोधू नये. लंबवर्तुळाचा प्रवास फुकट असतो. इंधन जाते ते फक्त दोन टोकांना. त्यामुळे खरा प्रश्न इंजिन कुठे आणि कोणत्या दिशेने पेटवायचे हा आहे. पुष्कळांना वाटते की वर जायचे तर तोंड वर करून जोर लावावा, एवढा वळसा कशाला? हिशेब करून पाहू. ७.७३ च्या वेगाने जाणाऱ्या उपग्रहाला सेकंदाला एक किलोमीटरचा धक्का त्याच्या गतीच्याच दिशेने दिला, तर दर किलोग्रॅममागे सुमारे ८.२ मेगाज्यूल ऊर्जा वाढते. तोच धक्का, तेवढेच इंधन जाळून, सरळ वरच्या दिशेने दिला तर वाढ होते अवघी अर्धा मेगाज्यूल. हा सोळापट फरक येतो, कारण जोर गतीच्या दिशेने लावला की आधीचा वेगही त्या कामात सहभागी होतो. काटकोनात लावला की तो बाजूला पडतो. म्हणूनच इंजिन गतीच्या रेषेत आणि वेग जास्तीत जास्त असेल तिथे, म्हणजे तळाशी पेटवायचे.

मग रास्त शंका अशी की तळाशी इतका फायदा आहे, तर सगळे इंधन तिथेच का जाळू नये? वर तोच धक्का दोन मेगाज्यूलच्या आसपासच ऊर्जा देतो, हे खरे. पण कक्षेचा एक नियम इथे आडवा येतो. इंजिन बंद झाल्यावर उपग्रह ज्या लंबवर्तुळावर असतो, ते इंजिन बंद झाले त्या जागेतून पुन्हा जातेच. तळाशी कितीही जोर लावा, वरचे टोक उंच उंच जाईल, खालचे मात्र हलणार नाही. ते उचलायचे तर वर जाऊनच इंजिन पेटवावे लागते. दुसरे प्रज्वलन ऊर्जेच्या दृष्टीने महाग आहे, तरी ते टाळता येत नाही.

शिवाय तिथल्या मंद वेगाचा एक मोठा लाभ आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या प्रतलात हवा असतो, आणि श्रीहरिकोटा विषुववृत्तावर नाही. समजा कक्षा वीस अंशांनी कललेली आहे. हा कल खालच्या वर्तुळातच काढायचा म्हटले तर सेकंदाला जवळजवळ २.७ किमीचा बदल लागेल, म्हणजे वर चढण्याच्या पहिल्या धक्क्याहूनही जास्त. अपभूवर, दुसऱ्या प्रज्वलनातच दिशा किंचित तिरपी ठेवून तो काढला, तर जादा खर्च होतो ०.२ किमीपेक्षाही कमी. वेग कमी तिथे वळणे स्वस्त. एवढ्या एका कारणासाठीही मी दुसऱ्या प्रज्वलनाला दुय्यम मानत नाही.

प्रत्यक्षात ‘दोन प्रज्वलने’ हे गणिताचे सोयीचे रूप आहे. भारतीय संदेशवहन उपग्रहांत पहिला धक्का बहुधा रॉकेटचा वरचा टप्पाच देतो आणि दुसरा उपग्रहावरचे ४४० न्यूटनचे द्रव-इंधन इंजिन देते. दोन टन वजनाच्या उपग्रहाला त्या इंजिनाने लागणारा वेग मिळवायला दीड तासाहून अधिक वेळ जातो. तेवढ्यात उपग्रह टोकापासून दूर सरकतो आणि जोर चुकीच्या जागी खर्च होऊ लागतो. म्हणून काम तुकड्यांत वाटतात: दर खेपेला अपभूच्या आसपास थोडा वेळ इंजिन, मग एक फेरी, मोजमाप, पुन्हा इंजिन. हे मोजमाप चैन म्हणून होत नाही. उपभूवर सेकंदाला एका मीटरची चूक झाली तरी अपभू साठ किलोमीटर इकडेतिकडे होते. ती चूक उपग्रहाच्या रेडिओ संदेशाच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून आणि अंतराच्या मोजणीवरून पकडतात.

विद्युत इंजिनांचे समर्थक म्हणतील की होमानचा मार्ग आता जुना झाला. त्यांची इंजिने महिनोन्‌महिने अखंड चालतात आणि उपग्रह सर्पिल वाटेने वर चढतो. त्यात वेगाचा एकूण बदल ३.९ ऐवजी जवळपास ४.७ किमी लागतो, म्हणजे तो मार्ग जास्तच खर्चिक. तरी इंधन कमी लागते, कारण त्या इंजिनांतून कण कित्येकपट वेगाने बाहेर पडतात. श्रेय इंजिनाचे आहे, मार्गाचे नाही. रासायनिक इंजिन वापरायचे असेल, तर या उंचीसाठी दोन टोकांचा मार्गच सर्वांत स्वस्त. फक्त बाहेरच्या कक्षेची त्रिज्या आतल्याच्या बारापटीहून जास्त असेल, तर तीन प्रज्वलनांचा आणखी लांबचा वळसा त्याच्यावर मात करू शकतो.

इंजिन पेटलेल्या जागी परत येण्याचा नियम कधी तारतो, कधी बुडवतो. मंगळयानाची कक्षा नोव्हेंबर २०१३ मध्ये उपभूवर टप्प्याटप्प्याने वाढवली जात होती. चौथ्या खेपेला, ११ नोव्हेंबरला, सेकंदाला १३० मीटर वाढ हवी होती आणि मिळाली ३५. अपभू एक लाखाऐवजी ७८,२७६ किमीवरच राहिले. पण यान हरवले नाही. ते फेरी पुरी करून पुन्हा उपभूला आले आणि १२ तारखेच्या पुरवणी प्रज्वलनाने अपभू १,१८,६४२ किमीवर नेले. खाली एक संधी हुकली, तर पुढच्या फेरीला दुसरी मिळते, इंजिन चालू असेल तर.

ते चालू नसेल तर काय होते, हे एनव्हीएस-०२ ने दाखवले. २९ जानेवारी २०२५ रोजी श्रीहरिकोट्यावरून झालेल्या शंभराव्या उड्डाणात जीएसएलव्हीने आपले काम चोख केले आणि उपग्रह लंबवर्तुळावर सोडला. सौरपट्ट्या उघडल्या, वीज मिळू लागली. मात्र इंजिनाला ऑक्सिडायझर पोचवणाऱ्या झडपा उघडल्या नाहीत, आणि दुसरे प्रज्वलन झालेच नाही. सुमारे १७० किमीवरचे उपभू तिथेच राहिले. तिथे हवा विरळ असली तरी असते. दर फेरीला ती थोडा वेग खाते आणि त्यामुळे अपभू हळूहळू खाली येते. ज्या नियोजित जागेवरून दिशादर्शनाचे काम करण्यासाठी हा उपग्रह बांधला होता, तिथे तो पोचू शकला नाही.