उणे 3 मिलिहेन्री

दोन कॉइलचे एक टोक सामाईक असेल, तर त्यांच्यातील चुंबकीय जोड कागदावरून काढून टाकता येते. त्यांच्या जागी इंग्रजी टी अक्षरासारख्या तीन सुट्या कॉइल काढायच्या. आमच्या प्रयोगशाळेतली जोडी घ्या : एक 2 मिलिहेन्री, दुसरी 18, म्युच्युअल इंडक्टन्स 5. दोन्ही ठिपके सामाईक टोकापासून दूर. म्हणून खांबात 5 आणि बाहूंत 5 वजा जाऊन उरलेले, म्हणजे 13 आणि चक्क उणे 3!

उणे 3 ऐकून वर्गात हशा पिकतो. अशी कॉइल बाजारात मिळत नाही, हे खरेच. पण दुसरी बाजू मोकळी ठेवून पहिली मोजा : उणे 3 आणि 5 मिळून 2, जशी मूळ कॉइल होती तशी. बाहेरच्या दोन टोकांमध्ये 13 वजा 3, म्हणजे 10.

एका कॉइलची टोके उलटी जोडली, की बाहू 7 आणि 23 होतात, खांब उणे 5, आणि बाहेरच्या टोकांमध्ये 30 भरतात. ठिपके पुसलेले असले की मी तिथेच एलसीआर मीटर लावतो. 10 की 30, एवढे पाहिले की पुरते.

ज्या ट्रान्सफॉर्मरच्या बाजू सुरक्षिततेसाठी एकमेकींपासून तोडलेल्या असतात, तिथे मात्र हे चित्र हिशेबापुरतेच. त्यातली सामाईक तार प्रत्यक्षात जोडायची नाही.