६१ एमबीचं मुखपृष्ठ

आमच्या वाचनालयानं जुन्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि आतली चित्रं स्कॅन करून ठेवली आहेत, आणि गेली काही वर्षं ती एका डिस्कवरून दुसरीवर फिरत आली आहेत. साठा दोन टीबीच्या आसपास गेल्यावर यादी करायचं ठरवलं. प्रत्येक चित्रामागे सीएसव्हीत एक ओळ असणार होती आणि तिच्यात पाथ, बाइट्स, रुंदी, उंची, हॅश, शेवटच्या बदलाची वेळ आणि चुकांचा रकाना.

काम पायथनमध्ये केलं. पिलो ही लायब्ररी चित्र उघडते तेव्हा फक्त हेडर वाचते, त्यामुळे मापं झटकन मिळतात. हॅशसाठी मात्र फाइल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत वाचावी लागते. डिस्कचा वेग सेकंदाला १०० एमबी धरला तर दोन टीबीला साडेपाच तास लागतात. मोठ्या फाइली एकदम मेमरीत घ्यायच्या नाहीत म्हणून तुकड्यातुकड्यानं वाचल्या:

```python
def sha(path):
    h = hashlib.sha256()
    with open(path, "rb") as f:
        while b := f.read(1 << 20):
            h.update(b)
    return h.hexdigest()
```

डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली होती, म्हणजे तपासताना कशालाही धक्का लागणार नाही. वेळ यूटीसीत लिहिली. सीएसव्ही `utf-8-sig` मध्ये साठवली, नाहीतर एक्सेल देवनागरी फोल्डरांच्या नावांचा चुराडा करतं.

यादी तयार झाल्यावर आधी हॅशच्या रकान्यावर क्रम लावला. एकच हॅश दोनदा आला तर त्या फाइली बाइटन् बाइट सारख्या, हे सरळ आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेला हॅश `e3b0c442` नं सुरू होत होता. तो रिकाम्या फाइलीचा हॅश. शून्य बाइटच्या कुठल्याही फाइलीचा एसएचए-२५६ हाच येतो. त्या ओळींत मापं नव्हती आणि चुकांचा रकाना भरलेला होता, म्हणजे त्या लगेच बाजूला काढता आल्या.

खरी भीती वाटली ती चुकांचा रकाना रिकामा असलेल्या ओळींची. आमची मुखपृष्ठं ए-फोर आकारात, ६०० डीपीआयला, कॉम्प्रेशनशिवाय टिफमध्ये स्कॅन झालेली आहेत. म्हणजे ४९६० बाय ७०१६ पिक्सेल आणि दर पिक्सेलला तीन बाइट. गुणाकार केला की १०,४३,९८,०८० येतात. त्या मापाची फाइल १०४ एमबीपेक्षा लहान असूच शकत नाही. मी शीटमध्ये रुंदी गुणिले उंची गुणिले तीन असा नवा रकाना जोडला आणि बाइट्स त्याहून कमी असलेल्या ओळी गाळून काढल्या. एका मुखपृष्ठाच्या ओळीत मापं पूर्ण होती आणि आकार मात्र ६१ एमबी.

"फाइल उघडते तर आहे, सर," आमच्या ग्रंथपालताई म्हणाल्या. उघडत होती खरी. वरचं शीर्षक, चित्रातल्या बाईचा चेहरा आणि खांदे स्वच्छ, आणि त्याखाली सगळं काळं. आमच्या टिफमध्ये मापं फाइलीच्या सुरुवातीलाच लिहिलेली असतात, म्हणून शेपूट तुटलं तरी हेडर शाबूत राहतं.

हे कधी घडलं ते बदलाच्या वेळेनं सांगितलं. शेजारच्या सगळ्या फाइलींवर स्कॅनची तारीख होती, आणि या फाइलीवर डिस्क बदलली त्या संध्याकाळची. कॉपी करणारे बरेच प्रोग्रॅम आधी मजकूर लिहितात आणि मूळ वेळ अगदी शेवटी लावतात. कॉपी मध्येच तुटली की फाइलीवर त्या क्षणाचीच वेळ राहते. त्याच मिनिटाच्या इतर ओळी शोधल्या, तशा आणखी काही निघाल्या.

हॅशनं यातलं काहीच सांगितलं नसतं. तो नीट, चौसष्ट अक्षरांचा होता. पुढच्या वर्षी तीच अर्धी फाइल पुन्हा तपासली असती तर हॅश तंतोतंत जुळला असता, आणि आम्ही काळ्या पट्ट्याला सुरक्षित समजून पुढे गेलो असतो. फाइल मागच्या वेळेसारखीच आहे का, एवढंच हॅश सांगतो. मागच्या वेळी ती पूर्ण होती का, हे आकारमान आणि मापं मिळून सांगतात.

हा गुणाकार जेपीईजीला लागू पडत नाही, कारण दाबलेल्या चित्राचा आकार आधी ठरवता येत नाही. पिलोचं `verify()` तिथे पुरेसं नाही, जेपीईजीचा पिक्सेल-डेटा ते तपासत नाही. `load()` नं पूर्ण चित्र उलगडायला लावलं की तुटलेल्या फाइलीवर `image file is truncated` अशी तक्रार येते. ती मी चुकांच्या रकान्यात टाकली. वेळ बराच वाढला, पण हे काम रात्रभर चालू ठेवता येतं.

मूळ डीव्हीडी कपाटात होत्या. मुखपृष्ठाची पूर्ण प्रत तिथे मिळाली. नवी ओळ लिहून झाल्यावर आम्ही सीएसव्हीचाही हॅश काढला आणि तो ताईंच्या नोंदवहीत तारखेसह लिहिला, म्हणजे पुढच्या तपासणीत यादीच बदललेली नाही ना, हे आधी पाहता येईल.