गोळी चालू असतानाचा ताप

जयपूरजवळच्या बस्सीत बसून मी गडचिरोलीतल्या पालकांसाठी सिकलसेलचे एक माहितीपत्रक मराठीत आणत होते. ‘पेनिसिलिन, रोज दोनदा’ एवढे सोपे. पण आपल्याकडे अँटिबायोटिक म्हणजे पाच दिवसांचा कोर्स. ताप उतरला की पाकीट फडताळात. इथे मूल ठणठणीत असतानाच गोळी द्यायची: तीन वर्षांपर्यंत १२५ मिलिग्रॅम, पुढे २५०, सकाळ-संध्याकाळ, निदान पाचवे वर्ष पुरे होईपर्यंत. या मुलांची पानथरी लहानपणीच निकामी होते आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळणारी चाळणीच उरत नाही. शस्त्रक्रियेने पानथरी काढलेल्यांचेही तेच.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत गोळी न मिळालेल्या ११० मुलांपैकी १३ जणांना न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग झाला, मिळालेल्या १०५ पैकी दोघांना. त्या दोघांपाशी मी थबकले. ‘गोळी तर चालूच आहे, सकाळी बघू’ असे कुठलीही आई म्हणेल. पण दुपारी खेळणारे मूल पहाटेपर्यंत दगावू शकते. पॅरासिटामॉलने पारा उतरतो, जंतू तिथेच राहतात. रुग्णालयात रक्ताचा नमुना घेतात आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून सेफ्ट्रियाक्सोन देतात.

मूळ मजकुरात ‘वैद्यकीय सल्ला घ्यावा’ अशा अर्थाचे वाक्य होते. मी डॉक्टरांना विचारून लिहिले: ‘गोळी चालू असली, लस झाली असली, तरी ताप १०१च्या वर गेला की त्याच रात्री रुग्णालयात निघा.’ सल्ला काय, उद्याही घेता येतो.