मामांची कोलोनोस्कोपी

आमचे आसगावचे मामा, वय 52. त्रास काहीच नाही. पण थोरल्या भावाला आतड्याचा कॅन्सर निघाला, म्हणून डॉक्टरांनी तपासणी सांगितली. नागपूरला हॉस्पिटलचा गाऊन घालून बसले, हात थरथरत होते.

"सिस्टर, लय दुखते का जी?"

"झोपेचं इंजेक्शन देतात काका. खरा त्रास औषध पिण्याचा, तो झाला. शेवटी कसं होत होतं?"

मामा लाजले. "पिवळं पाणी. साफ."

"मग उत्तम! गढूळ असतं तर छोटा पॉलिप दिसलाच नसता, परत यावं लागलं असतं. दिसला तर बहुतेक तिथंच काढतात, तेही दुखत नाही."

"अन् लाज?" (हा खरा प्रश्न होता!)

"वर चादर असते. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी. बस."

मामा आपणहून कुशीवर वळले.