चार ताटांचा हिशेब

जर्मनीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो हाती येतात. खोलीचं भाडं आणि आरोग्य विमा गेला की उरलेल्या पैशांत जेवण बसवायचं असतं. अशा वेळी ‘बाहेर खाणं महाग, घरी करणं स्वस्त’ असा सल्ला सगळेच देतात. मला तो अपुरा वाटतो. एकट्यासाठी केलेला स्वयंपाक वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही. तो स्वस्त होतो चार ताटं वाढली की. शाकाहारी माणसाच्या बाबतीत तर हे फारच खरं आहे.

साधा वरणभात घ्या. लाल मसूर तिथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळते आणि कुकरशिवाय वीसेक मिनिटांत शिजते. पाव किलो डाळ, तीनशे ग्रॅम तांदूळ, कांदा-टोमॅटो, तेल-मोहरी असं सगळं मिळून चार-पाच युरोंत चौघं जेवतात. उपाहारगृहात एका ताटालाच बारा-तेरा युरो पडतात. पण एकट्याच्या घरात तुर्की दुकानातून आणलेली कोथिंबिरीची जुडी चार दिवसांत काळी पडते, कांद्यांना कोंब फुटतात, आणि दमून परतल्यावर पाय आपोआप कोपऱ्यावरच्या फलाफलच्या दुकानाकडे वळतात. सहा-सात युरोंचं असं खाणं आठवड्यातून तीनदा झालं, तर महिन्याला सत्तर-ऐंशी युरो जातात. पैसे जातात ते या कंटाळ्याच्या संध्याकाळी. चौघांनी पाळी लावली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार दिवसांतून एकदाच चूल येते आणि उरलेल्या तिन्ही संध्याकाळी गरम ताट तयार असतं.

यावर कुणी म्हणेल, आपल्याच माणसांत राहायचं तर परदेशी गेलात कशाला? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच दुपारचं जेवण विद्यापीठाच्या मेन्झामध्ये, वर्गमित्रांबरोबर व्हावं. तिथे विद्यार्थी दरात शाकाहारी पदार्थ मिळतो आणि जर्मन कानावर पडते. शिवाय पंगतीला मराठीच माणसं हवीत असं थोडंच आहे? सामायिक स्वयंपाकघरातला तमिळ किंवा इराणी शेजारीही पाळीत बसतो. मात्र एक गोष्ट आधी ठरवून घ्यावी लागते, ती म्हणजे शाकाहाराची व्याख्या. काही चीजमध्ये वासराच्या जठरातलं ‘लाब’ असतं, काही दह्यांत आणि गोड पदार्थांत जिलेटिन असतं. पाकिटावर पिवळं-हिरवं व्ही-लेबल नसेल, तर घटकांची यादी वाचावी. अंडं आणि भांडी यांविषयीही पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलावं, कारण अशा पंगती मोडतात त्या न बोललेल्या अपेक्षांमुळे.

गणेशोत्सवातला महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम मन भरून टाकतो, पण तो वर्षातून एकदा येतो. रोजची भूक आणि रोजचं एकटेपण यांना रोजचाच उपाय लागतो. त्यामुळे परक्या गावात पोचल्यावर मसाल्याचं दुकान शोधण्याआधी पाळी वाटून घेणारी तीन माणसं शोधावीत. किराण्याचा खर्च त्यानंतरच आटोक्यात येतो.