वाटीत बुडालेलं आइस्क्रीम

सुरतेत राहून थंड खाण्यापिण्याचं वावडं असून चालत नाही. इथला कोल्ड कोको तर घरोघरी होतो. त्याचा दाटपणा कुठून येतो हे इथल्या कोणत्याही गृहिणीला विचारा, ती चमचाभर कॉर्नफ्लोअरचं नाव सांगेल. दुधातलं पाणी बांधून ठेवलं की पेय जड लागतं, एवढंच त्यातलं गुपित. आइस्क्रीमचं गुपितही तेच, फक्त तिथे पाणी मोकळं राहिलं तर त्याचे थेट खडे होतात.

आमच्या घरी कॉफीचं आइस्क्रीम शिरलं ते सुनेच्या हौसेनं. तिने कुठेतरी अफोगातो खाल्लं होतं. हा इटालियन शब्द, अर्थ 'बुडालेलं'. आइस्क्रीमच्या गोळ्यावर गरम, कडक, बिनसाखरेची कॉफी ओतायची आणि लगेच खायचं. अंडं नाही, जिलेटिन नाही, मग घरात करायला हरकत कसली? पण सासूबाईंनी कॉफीचं पाकीट हातात घेतलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे चिकरी म्हणजे काय गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. चिकरी हे मूळ आहे. एका झुडपाचं जाड मूळ उपटून, कापून, वाळवून, भाजून त्याची पूड करतात. हे पीक आपल्या गुजरातेतही होतं. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत ते घालायची जुनी पद्धत आहे, आणि बाजारातल्या बऱ्याच इन्स्टंट कॉफ्यांतही ते असतं. सासूबाईंचा कंदमुळांचा त्याग चाळीस वर्षांचा. सून म्हणाली, "पण आजी, हळद आणि सुंठ वाळवलेली चालते ना आपल्याला?" त्यावर सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "हळद चिमूटभर असते बाळा. इथे तर शंभरात तीस भाग लिहिलंय."

कोणाला काय चालावं हे ज्याच्या त्याच्या नियमावर आहे, ते मी सांगणार नाही. पण पाकीट कसं वाचायचं ते सांगते. चिकरी मिसळलेल्या कॉफीवर कॉफी किती टक्के आणि चिकरी किती टक्के, हे छापावंच लागतं. चिकरी 49 टक्क्यांपर्यंत असू शकते. समोर मोठ्या अक्षरांत नुसतं 'कॉफी' दिसलं तरी मागचा बारीक मजकूर पाहावा. शुद्ध कॉफी हवी असेल तर घटकांत कॉफीशिवाय दुसरं काहीही नसतं. इन्स्टंटमध्येही अशी मिळते. आणि ज्यांचा बर्फाचाच त्याग आहे, त्यांनी हा लेख नुसता वाचावा!

आता आइस्क्रीम. यासाठी मी इन्स्टंट कॉफीच वापरते आणि त्यात कमीपणा मानत नाही. कपभर कडक कॉफी क्रीममध्ये ओतली तर तिच्याबरोबर कपभर पाणीही जातं, आणि फ्रीझरमध्ये त्याचा बर्फ दाताखाली कचकच करतो. इन्स्टंट कॉफी मात्र दोन चमचे पाण्यात विरघळते. चव येते, पाणी येत नाही.

सहा जणांसाठी 300 मिलिलिटर व्हिपिंग क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्कचा 400 ग्रॅमचा अर्धा डबा घ्यावा. क्रीम दुधाचं, बिनसाखरेचं हवं. केकवाल्यांकडे मिळणारं गोड क्रीम बहुधा वनस्पती तेलाचं असतं, त्यात कंडेन्स्ड मिल्क घातलं तर घास गिळवत नाही. नेहमीचं भाजीत घालायचं क्रीमही नको, त्यात स्निग्धांश कमी असल्यामुळे ते फुगत नाही. चार छोटे चमचे इन्स्टंट कॉफी दोन छोटे चमचे गरम पाण्यात पूर्ण विरघळवून कंडेन्स्ड मिल्कमध्ये मिसळावी. पूड कोरडीच टाकली तर काळे ठिपके राहतात आणि मध्येच कडू लागतात. कणभर मीठ घालावं आणि मिश्रण अगदी थंड होऊ द्यावं.

सुरतेच्या मे महिन्यात खरी परीक्षा क्रीमची. भांडं आणि बीटर वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवावेत, क्रीम फ्रीजमधून आयत्या वेळी काढावं. फेटताना बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबावं. क्रीम पिवळसर, रवाळ दिसू लागलं तर ते लोण्याकडे निघालं समजा. मग कॉफीचं मिश्रण हलक्या हातानं, खालून वर असं मिसळावं. डब्यात भरून वरच्या थराला चिकटून बटरपेपर लावावा आणि सहा ते आठ तास फ्रीझरमध्ये ठेवावं. गोड कमी करायच्या नादात कंडेन्स्ड मिल्क निम्म्यावर आणू नये. साखरेमुळेच आइस्क्रीम मऊ राहतं, ती घटली की डब्यात दगड तयार होतो.

इन्स्टंट नकोच असेल तर दळलेली कॉफी क्रीममध्येच उतरवावी. क्रीम वाफ येईपर्यंत तापवून त्यात तीन मोठे चमचे पूड घालावी, पंधरा मिनिटं झाकून ठेवावं आणि मलमलीतून गाळावं. पूड थोडं क्रीम पिऊन टाकते, म्हणून अर्धी वाटी जास्त घ्यावं. मग रात्रभर फ्रीजमध्ये, कारण कोमट क्रीम कधीच फुगणार नाही.

अफोगातोसाठी मात्र मी फिल्टरचा डिकॉक्शन करते. त्याची चव गोळ्याच्या गोडीपुढे टिकते. बिनचिकरीची पूड वापरताना एक फरक लक्षात ठेवावा. चिकरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे डिकॉक्शन हळू आणि दाट उतरतो. शुद्ध कॉफी भराभर गळते आणि पातळ होते. म्हणून पूड बारीक दळून घ्यावी, चार मोठे चमचे भरून हलकी दाबावी आणि 100 मिलिलिटर उकळतं पाणी थोडं थोडं ओतावं. आधी उतरलेला भाग सर्वांत कडक, तोच वापरावा. एवढ्यात दोघांचंच होतं, सहा जणांसाठी मोठा फिल्टर हवा. गार झालेला डिकॉक्शन उकळू नये, गरम पाण्यात भांडं ठेवून तापवावा. फिल्टर नसेल तर माणशी दोन छोटे चमचे इन्स्टंट कॉफी 30 मिलिलिटर गरम पाण्यात घालावी, तेवढं पुरे.

वाढताना आमच्याकडे स्टीलच्या वाट्या असतात. त्या दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवल्या तरी गरम कॉफीनं तडकत नाहीत, काचेच्या पेल्याचा भरवसा नाही. गोळे मात्र साधे, वेलदोड्याचे. वरचंच मिश्रण, फक्त कॉफीऐवजी अर्धा चमचा वेलदोड्याची पूड. कॉफीवर कॉफी ओतली तर कडू-गोडाची गंमतच उरत नाही. आइस्क्रीम मऊ करायला बाहेर ठेवू नये, कडकच हवं. दोन गोळ्यांवर 30 मिलिलिटर, म्हणजे सहा छोटे चमचे कॉफी. कडेनं तपकिरी दाट सायीसारखा थर झाला आणि मधला गोळा तसाच राहिला, तर माप बरोबर. गोळा तरंगू लागला, तर ती कोल्ड कॉफी झाली.

सासूबाईंचा चौविहार, म्हणून आमच्याकडे हे पाचच्या सुमाराला होतं. वाटी हातात येताच चमचा चालवावा लागतो. बोलत बसलेल्या माणसाला तळाशी नुसतं गोड दूध मिळतं.